तूरे एनबूम, १९८७

"एका नावासाठी छपाई अडवतेस?"

"एक नाही, दोन नावं. आणि अडवतेय मी नाही, तुझा प्रबंध अडवतोय. नीट बघ तरी."

"बघून बघून डोळे गेले माझे! गुनिल्ला, दुपारी फाइल छापखान्यात गेली नाही, तर उद्या खिळा कशात ठोकू? नुसत्या फळीत?"

आल्वा रडकुंडीला आली होती. संशोधन करताना पाच हिवाळे ती कमरेएवढ्या बर्फात उभी राहिली, तेव्हा रडली नव्हती. पण उद्या सकाळी तिथल्या रिवाजाप्रमाणे संस्थेच्या दारातल्या लाकडी फळीवर तिचा छापील प्रबंध खिळ्यानं ठोकला जायचा होता. हातोडीही तीच धरणार, मग हिरव्या बदामी मार्झिपानचा केक, टाळ्या, आणि तीन आठवड्यांनी जाहीर परीक्षा. खिळ्याची तारीख चुकली की परीक्षा पुढे गेली. देशाच्या दक्षिणेतून येणारा परीक्षक पुन्हा उन्हाळ्याशिवाय मिळणार नव्हता, आणि आल्वाची नेमणूक उन्हाळ्याआधीच संपत होती.

गुनिल्ला एनबूम शांतपणे पेन्सिल तासत होती. संस्थेच्या प्रबंधमालेचं शेवटचं वाचन तिच्याकडे असे. विद्यार्थी पाठीमागे तिला 'जकातनाका' म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. नाताळच्या मेजवानीत तिनं स्वतःच एकदा दोन्ही हात आडवे पसरून विचारलं होतं, "बॅगेत काही आहे का हो जाहीर करण्यासारखं?" सगळे हसले होते, पण दुसऱ्या दिवशी प्रत्येकानं आपापली संदर्भसूची पुन्हा एकदा तपासली होती.

तिची रीत सोपी होती: एकदा जायचं, एकदा यायचं. जाताना प्रबंधाचा मजकूर वाचायचा. जिथं जिथं कुणाचं नाव आणि साल येईल, तिथं थांबायचं, शेवटच्या यादीत ती नोंद शोधायची आणि हिरवी खूण करायची. येताना उलटं. यादीतली एकेक नोंद धरायची आणि ती मजकुरात कुठं आली आहे ते शोधायचं. मग तक्ते, आकृत्यांखालच्या ओळी, परिशिष्टं. उंदीर तिथंच लपतात, असं ती म्हणायची. ज्याला जोडीदार सापडला नाही, त्याला लाल वर्तुळ.

टेबलावरच्या कागदांवर दोन लाल वर्तुळं होती. तिसऱ्या प्रकरणातल्या तक्त्याखाली लिहिलं होतं, 'स्ट्रोमग्रेन, २००३'. यादीत स्ट्रोमग्रेनच्या बऱ्याच नोंदी होत्या, पण २००३ची नव्हतीच. आणि यादीत एक नोंद होती, जिचा मजकुरात कुठंच मागमूस नव्हता.

एनबूम, तूरे. १९८७.

आल्वानं आडनाव वाचलं, गुनिल्लाकडे पाहिलं आणि तिचा आवाज एकदम उतरला. "तुझा...?"

"नवरा. गेला त्याला बरीच वर्षं झाली. पुढं बोल."

तूरे दलदलीतला बर्फ मोजायचा. हिवाळाभर स्कीवरून जायचा, काठी बर्फात रोवायचा, आकडा लिहायचा. डॉक्टरेट काही झाली नाही. कधी पैसा संपला, कधी उमेद. मागं उरला तो एकच अहवाल, टंकलेखन यंत्रावर लिहून सायक्लोस्टाइल यंत्रावर काढलेला. तोही गुनिल्लानंच टंकला होता. त्याच्या मागे तिनं इतक्या प्रबंधांच्या याद्या तपासल्या, पण त्यांत तूरेचं नाव तिला आजवर कधी भेटलं नव्हतं. काल येतायेता भेटलं, तेही लाल वर्तुळात जाण्यासाठी.

"मी प्रोग्रॅम वापरला होता," आल्वा म्हणाली. "त्यात उल्लेख टाकला की यादीत नोंद आपोआप येते, काढला की जाते. मग चुकेल कसं?"

"ती जोडणी तोडलीस कधी?"

"लेनार्टला शेवटचा खर्डा तपासायला पाठवताना. त्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर फाइल विस्कटत होती, म्हणून सगळा साधा मजकूर करून दिला."

"मग त्या दिवसापासून यादी गोठली. नंतर मजकुरात कुणी काय खोडलं, काय घातलं, याचा तिला पत्ता नाही."

आल्वा तक्त्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "इथं मी एनबूम लिहिलं होतं. माझ्या पहिल्या खर्ड्यात इथं एनबूमच होतं."

दोन लाल वर्तुळं नव्हतीच ती. एकाच फाटलेल्या कागदाचे दोन तुकडे होते.

तेवढ्यात दार उघडलं आणि हातात कॉफीचा कप घेऊन लेनार्ट स्ट्रोमग्रेन आत आला. आल्वाचा मार्गदर्शक, संस्थेतला सर्वांत जुना प्राध्यापक, आणि एके काळी तूरेच्याच खोलीत बसणारा विद्यार्थी. "काय गं जकातनाक्या, सोडलीस का माझी पोरगी? छापखान्यातून मला फोन येतायत."

"बस, लेनार्ट. तक्त्याखालचं नाव तू बदललंस?"

त्यानं कागद लांब धरून वाचला. जराही चाचरला नाही. "हो, बदललं. त्यात काय? तो अहवाल कुठल्या वाचनालयात मिळतो सांग. परीक्षकानं मागितला तर आल्वा काय देणार? माझा लेख छापील आहे, जाणकारांनी तपासलेला आहे. चांगला स्रोत असताना सायक्लोस्टाइलचे कागद कशाला?"

"मग यादीत तुझी नोंद का नाही घातलीस?"

"विसरलो. बाई, विसरलो! आता घाल. दोन हजार तीन आत, सत्त्याऐंशी बाहेर. दोन मिनिटांचं काम. दोन्ही टोकं जुळली की तुझा नाका मोकळा. बरोबर ना?"

बरोबर होतं. तिच्या नियमाप्रमाणे तंतोतंत बरोबर. प्रत्येक उल्लेखाला नोंद, प्रत्येक नोंदीला उल्लेख. एवढंच बघायचं तिचं काम. कुणी कुणाचा उल्लेख करावा, हे ठरवणारी ती कोण?

आल्वानं लॅपटॉप ओढला. कर्सर तूरेच्या नावापुढं लुकलुकू लागला. "करू?"

नको म्हटलं, तर नवऱ्याचं नाव मागच्या दारानं घुसवतेय म्हणतील. कर म्हटलं, तर त्या दलदलीत तूरे कधी गेलाच नव्हता असं ठरेल. पोरीचं बोट डिलीटच्या बटणावर होतं.

"थांब," ती म्हणाली. "आधी तक्त्यातला पहिला हिवाळा वाच."

"अठ्ठ्याहत्तर."

"आता लेनार्टचा लेख उघड. त्याचा पहिला हिवाळा कुठला?"

लेनार्टनं कप खाली ठेवला. "गुनिल्ला, हे तुझं काम नव्हे."

"नसेल. आल्वा, उघड."

आल्वानं लेख उघडला. पानं सरकवत गेली, थांबली, पुन्हा मागे आली. "पंच्याऐंशी. लेनार्ट, तुझी मोजणी पंच्याऐंशीपासून आहे. मग आधीचे सात हिवाळे...?"

"ते सगळ्यांना माहीत असलेले आकडे आहेत," लेनार्ट म्हणाला. "संस्थेचे आकडे."

"संस्था स्कीवरून गेली होती का रे?" गुनिल्लाचा आवाज चढला. "कानटोपीवर बर्फ घेऊन घरी कोण यायचं? संस्था?"

"झालं! आलीस घरावर. म्हणून म्हणतो, तू यातून बाजूला हो. बायकोनं नवऱ्याची वकिली करायची, आणि वर म्हणायचं, नियम!"

ते लागलं. गुनिल्लानं पेन्सिल टेबलावर ठेवली. पिशवीतून एक जुनी, कडा पिवळी पडलेली चोपडी, तूरेच्या अहवालाची प्रत, काढली आणि आल्वापुढं सरकवली. "मी बोलत नाही. तू ताडून बघ. आकडे सारखे असतील तर तुझं तू ठरव. नसतील तर नाव काढ. मी स्वतः खोडीन."

आल्वा आकडे ताडू लागली. बोट तक्त्यावर, बोट चोपडीवर. खिडकीबाहेर बर्फ उपसणारं यंत्र घरघरत गेलं. लेनार्ट कॉफी प्यायला नाही, गुनिल्लानं पापणी हलवली नाही. एका ओळीवर आल्वा थांबली, तेव्हा गुनिल्ला पुढं झुकली. पण पोरगी नुसती चष्मा पुसायला थांबली होती.

"सगळे तेच आहेत," ती म्हणाली. "दशांशासकट. पंच्याऐंशीच्या आधीचे सगळे इथले, नंतरचे लेनार्टचे."

"आल्वा," लेनार्ट म्हणाला, आता फार मऊ आवाजात. "परीक्षा मंडळात माझी माणसं आहेत. तुझ्या पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र मी लिहायचंय. एका ओळीसाठी वाद नको घालूस."

आल्वाचे कान लाल झाले. तिनं खाली बघूनच टंकायला सुरुवात केली आणि टंकता टंकता मोठ्यानं वाचत गेली, स्वतःलाच धीर दिल्यासारखी. "तक्त्याखाली: पंच्याऐंशीपूर्वीचे हिवाळे, एनबूम, १९८७. पुढचे, स्ट्रोमग्रेन, २००३. यादीत एनबूम आहेच. स्ट्रोमग्रेन २००३ घातलं." मग तिनं मान वर केली. "परीक्षकानं अहवाल मागितला तर? गुनिल्ला, ही प्रत वाचनालयाला देशील?"

"देईन."

"मग आता जा आणि ये."

गुनिल्ला गेली आणि आली. तक्त्यापासून यादीपर्यंत, यादीपासून तक्त्यापर्यंत. दोन हिरव्या खुणा केल्या. दुसरी खूण जरा वाकडी झाली. आल्वानं फाइल पाठवली, गुनिल्लाच्या गालाला ओझरता गाल लावला आणि छापखान्याला फोन करत बाहेर पळाली.

खोलीत दोघंच उरली. लेनार्टनं गार झालेला कप उचलला, पण गेला नाही. टेबलावरचे कागद तो एकेक करून उलटत होता. यादीच्या मधल्या पानावर त्याचं बोट थांबलं. तिथं एक नोंद पेन्सिलीनं सरळ रेघ मारून खोडलेली होती.

"कोस्किनेन, २०१०," त्यानं वाचलं. "ही का गेली?"

"मजकुरात उल्लेख नव्हता. काल आल्वाला विचारलं, ती काढ म्हणाली. काढली."

"उल्लेख का नव्हता, ते विचारलंस?"

गुनिल्लानं टेबलावरची पेन्सिल उचलली.

"कुणी पुसला का, कुठल्या तक्त्याखालून गेला, पहिल्या खर्ड्यात काय होतं? कोस्किनेनची चोपडी आणलीस घरून?" आवाजात आता राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "कोस्किनेनबाईही बर्फातच उभी होती गं. फिनलंडच्या. तिला कुणी बायको नाही इथं. खरं सांग, गुनिल्ला. लाल वर्तुळात तूरे नसता, तर तू आज थांब म्हटलं असतंस?"

गुनिल्लानं पेन्सिल पिशवीत टाकली. तूरेची चोपडी छातीशी धरली, खुंटीवरचा कोट ओढला. मग परत वळून तिनं कोस्किनेनचं ते पान उचललं, घडी घातली, कोटाच्या खिशात ठेवलं, आणि आल्वाच्या खोलीच्या दिशेनं निघून गेली.