अस्तराखालचे सात टाके

तिला सगळे सरळबाई म्हणत. एक तर ती बोलायची तोंडावर. दुसरं म्हणजे तिच्या दुकानात यायची ती माणसं जी तयार कपड्यांच्या दुकानातून हिरमुसून परत आलेली असत. कुणाचा एक खांदा खाली, कुणाच्या पाठीला पोक, कुणाचा एक हात दुसऱ्यापेक्षा तोकडा. सरळबाईनं शिवलेला कपडा अंगात घातला की तोच माणूस आरशात कसा ताठ दिसायचा! जादू वगैरे काही नाही हो. एकतीस वर्षांची मेहनत होती ती, आणि जाड खाकी कागदावर कापून ठेवलेली होती. प्रत्येक गिऱ्हाइकाचं वेगळं कटिंग, असे दोनशे चाळीस जणांचे कागद.

आणि ते सगळेच्या सगळे कागद एका काळ्या बॅगेत घालून बाई इटलीला घेऊन गेली होती.

शहाणपणा म्हणावा की अगोचरपणा, देव जाणे. तिकडच्या एका शिवणशाळेनं तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. त्यासाठी तिनं दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात बसून इटालियन शिकून घेतलं, तेही पन्नाशी उलटल्यावर. तिथल्या म्हाताऱ्या शिंप्यानं एकेक कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि टोपी काढली. बाई तरंगतच विमानात बसली. उतरली, सामानाच्या पट्ट्यापाशी उभी राहिली. पट्टा फिरला, थांबला, दिवे विझले. बॅग आलीच नाही.

तिथल्या खिडकीवर फॉर्म भरला. बॅग कशी? काळी, मध्यम, चार चाकं. आत काय? इथे बाई चुकली. "जुने खाकी कागद" असं लिहायची तिला लाज वाटली. लोक हसतील, म्हणतील एवढा आरडाओरडा रद्दीसाठी होय? तिनं लिहिलं, "कपडे". आयुष्यभर जगाला तोंडावर सुनावणारी बाई, आणि नेमक्या त्या खिडकीपाशी तिची जीभ टाळ्याला चिकटली.

पंधरा दिवस झाले. फॉर्मवरचा दहा अक्षरांचा नंबर तिला पाठ झाला होता. तिनं विमान कंपनीला दोन मेल केले, मोबाईलकडून भाषांतर करून घेऊन. दोन्ही वेळा यंत्रानं लिहिलेलं तेच उत्तर आलं: शोध चालू आहे, धीर धरा.

"ताई, एकवीस दिवस झाले की हरवली असं धरतात म्हणे," धाकटी बहीण इस्त्री फिरवता फिरवता म्हणाली. काजं, बटणं आणि इस्त्री तिच्याकडे होती. "मग भरपाई मिळते. घे आणि गप्प बस."

"भरपाई? वकीलबाईंची पाठ भरून देणार आहेत का ते?"

खरं दुखणं तेच होतं. वकीलबाई म्हणजे सरळबाईचं सगळ्यात अवघड गिऱ्हाईक. लहानपणापासून पाठीचा कणा नागमोडी. त्यांचं कटिंग नऊ वर्षांत अकरा वेळा बदलून एकदाचं जमलं होतं. आता त्या न्यायाधीश व्हायच्या होत्या, पुढच्या आठवड्यात गुरुवारी शपथ होती. त्यांनी काळ्या कोटाचं कापड आणून टाकलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "त्या दिवशी लोकांनी माझ्याकडे बघावं, पाठीकडे नको." नव्यानं माप घेऊन उभं करायचं तर चार ट्रायल तरी लागल्या असत्या. तेवढे दिवस होते कुठे?

म्हणून सोळाव्या दिवशी, मंगळवारी, बाईनं स्वतःच इटालियनमध्ये मेल लिहिला आणि छापून वर्गात नेला.

इटालियन शिकवणारे सर वीस वर्षं एका मोठ्या हॉटेलच्या रिसेप्शनवर होते. म्हणजे तक्रारी खाण्यातच त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी कागद हातात घेतला, पहिली ओळ वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"बाई, तुम्ही त्यांना 'चाओ' म्हणालात."

"मग? नमस्कारच ना तो?"

"मित्राला. आणि पुढे लगेच 'तू माझी बॅग हरवलीस.' कंपनीला अरे-तुरे! त्यानंतर 'व्होलिओ', मला पाहिजे. तेही 'ताबडतोब', आणि उद्गारचिन्हं किती ही... पाच."

"माझा राग पाच चिन्हांएवढाच आहे असं समजू नका, सर."

वर्ग हसला. सरही हसले, पण पेन्सिल काढली. "ऐका. रिसेप्शनवर रोज रागाची पत्रं यायची. आम्ही काय करायचो? ठरलेलं उत्तर पाठवायचं आणि फाईल बंद. पण एखादा अदबीनं, मुद्द्याचं लिहायचा, त्याचं पत्र कुणीतरी हातात घेऊन उठायचं. तुम्हाला उठणारा माणूस हवाय."

हे मात्र बाईला पटलं. ती खुर्ची ओढून बसली आणि दोघं कामाला लागली. 'चाओ'च्या जागी 'जेंतीली सिन्योरी', म्हणजे माननीय महोदय. 'तू'च्या जागी 'आपण'. 'व्होलिओ' खोडून 'व्होर्रेई', मला हवं होतं, अशी विनंती. 'बॅग शोधा' असा हुकूम होता, तिथं आलं 'आपण शोधू शकलात तर मी आपली ऋणी राहीन'. तिनं लिहिलं होतं 'से आव्रेई सापूतो', मला माहीत असतं तर. सरांनी त्यावर गोल केला. "इथे घसरलात. 'जर'च्या पाठोपाठ 'आव्रेई' नाही येत. 'से आव्हेस्सी सापूतो', मला माहीत असतं तर. आणि मग दुसऱ्या अर्ध्यात 'आव्रेई तेनूतो', मी जवळ ठेवली असती. जे घडलंच नाही त्याची दोन पावलं असतात. दोन्हीकडे एकच बूट घालायचा नाही."

"अहो, एवढं वाकायचं म्हणजे मी चुकले असं नाही का वाटत?"

"वाकत नाही आहात. जागा ठेवताय. समोरच्याला 'हो' म्हणायला जागा."

बाईनं मान हलवली. कपडा शिवताना शिलाईला माया, म्हणजे कडेला थोडं जास्तीचं कापड, सोडावीच लागते, नाहीतर पहिल्याच श्वासाला उसवतो. हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

वर फॉर्मचा नंबर आला, विमानाचा क्रमांक आणि तारीख आली, खाली पत्ता आणि 'दिस्तिंती सालूती' हा निरोप. सगळं कसं पानभरात बसलं. आणि मग सरांची पेन्सिल शेवटच्या परिच्छेदावर आली. त्यात बाईनं अखेर खरं सांगून टाकलं होतं. आत कपडे थोडेच, खरा ऐवज म्हणजे 'कार्तामोदेल्ली', खाकी कागदाची कटिंग्ज. आणि बॅगेचं अस्तर तिनं नवी असतानाच उसवून पुन्हा हातानं शिवलं होतं, कारण कारखान्याची शिलाई तिला बघवत नसे. हँडलच्या आतल्या कोपऱ्यात, अस्तर उचललं की लाल दोऱ्याचे सात टाके. तिच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक गोष्टीत तिच्या गुरूनं घालायला शिकवलेले. शिवणाऱ्याला आपलं काम अंधारात चाचपूनही ओळखता यावं म्हणून.

सरांनी टाक्यांच्या त्या सगळ्या ओळींवर आडवी रेघ मारली. "हे नको."

"का?"

"लांबतंय. टाके-बिके कोण वाचणार? मी वीस वर्षं पत्रं वाचलीत, बाई."

"आणि मी एकतीस वर्षं टाके घातलेत." बाई उभीच राहिली. "सर, तुमच्या सगळ्या रेघा डोक्यावर. ही एक नाही. काळ्या बॅगा त्यांच्याकडे हजार असतील. कोण ओळखणार माझी? चिठ्ठी फाटली असेल तर? मी खिडकीवर लाज धरली आणि 'कपडे' लिहिलं, त्याचं फळ भोगतेय. आता पुन्हा लाजू?"

सरांनी पेन्सिल तिच्यापुढे सरकवली. "ठेवायचं तर एका वाक्यात ठेवा. आणि ते वाक्य तुम्हीच लिहा. मी हात लावणार नाही."

बाईनं दहा मिनिटं घेतली. वर्गातले बाकीचे घरी जायचे थांबले. तिनं लिहिलं: 'से क्वाल्कूनो आप्रिस्से ला व्हालिजा, त्रोव्हेरेब्बे सोत्तो ला फोदेरा सेत्ते पुंती रोस्सी.' कुणी बॅग उघडून पाहिली, तर अस्तराखाली सात लाल टाके सापडतील.

सरांनी वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पेन्सिल खिशात ठेवली. दुरुस्तीला काही उरलंच नव्हतं. मेल तिथूनच गेला.

बुधवार गेला. गुरुवार गेला. बाई कापडाचा गठ्ठा उगाच उघडायची, घडी मोडायची, घालायची. "ताई, ते कापड झिजेल," धाकटी म्हणाली, आणि तेव्हा मात्र बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी का नेले गं ते कागद? मिरवायलाच ना?" धाकटीनं इस्त्री बाजूला ठेवली आणि तिच्यासमोर पाणी आणून ठेवलं.

शुक्रवारी दुपारी मोबाईल वाजला. उत्तर इटालियनमध्ये होतं, यंत्राचं नव्हतं. तिथल्या विमानतळावरच्या हरवलेल्या सामानाच्या गोदामातल्या एका बाईनं लिहिलं होतं. चिठ्ठ्या फाटलेल्या अकरा काळ्या बॅगा त्यांच्याकडे पडून होत्या. एका बॅगेत खाकी कागद होते, पण त्यांच्याकडची नोंद म्हणत होती कपडे, म्हणून ती बाजूला टाकलेली. आपलं पत्र वाचलं आणि मी उठून गेले, असं ती म्हणत होती. आणि शेवटी दोनच वाक्यं: 'ओ आपेर्तो. सोनो सेत्ते.'

उघडली. सातच आहेत.

बाईनं अशी काही आरोळी ठोकली की शेजारचा चावीवाला हातोडी घेऊन धावत आला.

संध्याकाळी वर्गात सरांनी ते उत्तर मोठ्यानं वाचलं. मग फळ्यावर बाईचं वाक्य अक्षर न् अक्षर उतरवलं आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "हे मी खोडलं होतं. लिहून घ्या." बाई पहिल्या बाकावर बसली होती आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

बॅग सोमवारी सकाळी दारात आली. बाईनं कागद मोजले नाहीत, हात फिरवूनच तिला कळलं. वकीलबाईंचा कागद काढला, कापडावर पसरला, खडू उचलला. दुपारी कात्री चालली, मंगळवारी मशीन.

बुधवारी वकीलबाई धास्तावलेल्या चेहऱ्यानं आल्या. उद्याच शपथ. "किती ट्रायल लागतील, सरळबाई? खरं सांगा."

"ट्रायल नाही. घाला."

त्यांनी कोट घातला आणि आरशासमोर वळल्या. एकदा समोरून, एकदा बाजूनं, मग हळूच, मान वळवून, पाठीकडून. बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. धाकटीनं हातातलं बटण खाली ठेवलं.

"सरळबाई," वकीलबाई म्हणाल्या, "उद्या मी पाठमोरी उभी राहिले तरी चालेल."