पितरपाटात अडकलेला टॅन

ज्या दवाखान्याचा मी व्यवस्थापक होतो, त्याचे मालक मूळचे शहागंजचे कापडवाले. मशिनरी त्यांनी जर्मनीची आणली, आणि अक्कल मात्र दुकानातलीच ठेवली. मी भिक्षुकी सोडलेल्या घराण्यातला, म्हणून ते मला ‘गुरुजी’ म्हणायचे. मला ते आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं.

गणपतीत दवाखाना सुरू झाला. नर्स, वॉर्डबॉय यांचे पगार करपात्र नव्हते. बाकीचे डॉक्टर अजून यायचे होते. ज्यांच्या पगारातून कर कापावा लागणार, अशी एकच व्यक्ती होती: बालरोगाच्या मॅडम. पैठणची नोकरी सोडून, मुलीला घेऊन त्या इथं भाड्यानं राहायला आल्या होत्या. सासरच्यांनी अट घातलेली, पहिले दोन पगार वेळेवर दिसले तरच शहरात राहायचं, नाहीतर परत न्यायला गाडी येईल.

कापलेला कर सरकारजमा करायला मालकाच्या नावावर टॅन लागतो, दहा अक्षर-अंकांचा नंबर. पॅन वेगळा, तो इथं चालत नाही. अर्ज ऑनलाइन, फी शंभराच्या आत. शेवटी पोचपावती निघते. तिच्यावर मालकानं सही करायची आणि ती पंधरा दिवसांत पुण्याच्या कार्यालयात पोचली पाहिजे. मी पौर्णिमेला अर्ज भरला, पावती छापली आणि मालकसाहेबांसमोर ठेवली.

साहेबांनी पेन उचललं आणि थांबले. “गुरुजी, उद्यापासून पितरपाट लागतो ना? नवा नंबर घ्यायला चालतं का?”

‘सरकारी कागदाला कसला पितृपक्ष’ एवढंच म्हणायचं होतं. आजच पौर्णिमा आहे, आजच सही करा, हेही सुचलं होतं. मी गंभीर चेहरा केला. “शक्यतो टाळावं, साहेब. नवरात्रात बघू.”

“व्हय. लई घाई नको. आमच्या वडलांनी पितरपाटात नवा गल्ला सुद्धा घेतला नव्हता.”

त्यांनी पेनाला टोपण लावलं. पंधरवडा पंधरा दिवसांचा आणि पावतीची मुदतही पंधराच दिवसांची, हे मला ठाऊक होतं. मी पावती फाईलमध्ये ठेवली.

महिना संपला. “नंबर नाही, तर मॅडमचा पगार कसा करायचा?” साहेबांनी विचारलं. माझ्या ओळखीच्या सीएनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, “पगार दे, कर कापून बाजूला ठेव. भरायला पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत वेळ आहे, तोवर नंबर येईल.” हे साहेबांना सांगितलं असतं तर आधीचा उशीर कुणामुळं, हा प्रश्न आला असता. मी म्हणालो, “थांबवू या.”

बाकी सर्वांचे पगार झाले. मॅडम काउंटरवर आल्या, त्यांनी नर्सेससमोरच विचारलं, “सर, माझाच राहिला का?”

“तुमच्या पॅनमध्ये काहीतरी अडचण दिसतेय, मॅडम.”

“कसली अडचण? पैठणला तर व्यवस्थित कापायचे.”

“तिथलं वेगळं. चौकशी चालू आहे.”

एक नर्स दुसरीला हळूच म्हणाली, “मागं काही भानगड केली असंल.” मॅडमच्या कानावर गेलं. त्यांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी रजिस्टर उघडलं.

घटस्थापनेला साहेबांनी हळदकुंकू लावून सही केली. पण त्या पावतीची मुदत संपली होती. मी गुपचूप नवा अर्ज भरला, फी परत भरली आणि नव्या पावतीवर सही घेतली. “पुन्हा कशाला?” “एक प्रत जास्त, साहेब.” त्यांनी विचार केला नाही. विचार करायची त्यांना सवय नव्हती, आणि मला त्यांच्यावर हसायचा काय हक्क?

दसऱ्याआधी मॅडमच्या दिरानं गाडी आणली. मुलीची शाळेची पिशवी पुढच्या सीटवर होती. दीर मला म्हणाला, “काय राव, डॉक्टरला बी फुकटात राबवता व्हय?” मॅडम त्याला म्हणाल्या, “जाऊ द्या, भावजी. सरांचा काय दोष?”

चार दिवसांनी टॅन आला. साहेबांनी त्याचं पत्र फुलं वाहून देवघरात ठेवलं, आणि मंत्र म्हणायला मला बोलावलं. मी म्हटले, खणखणीत. मग खाली येऊन मॅडमच्या हिशोबाचा पगार केला, कर कापला, चलन भरलं. पुढं तिमाही विवरणपत्रात त्यांचा पॅन टाकला. पहिल्याच झटक्यात तो स्वीकारला गेला. त्यात खोट काहीच नव्हती.

वर्षअखेरीचा कर कापल्याचा दाखला मी त्यांना पैठणच्या पत्त्यावर पाठवला. सोबत चार ओळी लिहायला बसलो होतो. ‘तुमच्या पॅनमध्ये’ एवढं लिहून कागद फाडला आणि पाकिटात नुसता दाखला घातला. त्यांना आजही वाटत असेल, चूक त्यांच्याच कागदात होती.