दाबली न जाणारी शीर

पत्नी गेल्यानंतर आठ दिवस मी टोकरखाड्यातल्या घरात चटईवर मांडी घालून बसून होतो. लोक भेटायला येत, जात. आठव्या दिवशी डावी पोटरी सुजून घट्ट झाली. धुळ्याहून आलेली माझी धाकटी बहीण गरम तेल घेऊन बसली. दोन वेळा चोळून झाल्यावर शेजारच्या नर्सबाईंनी ते पाहिलं.

"ताई, हात काढा! आधी डॉप्लर करा, शिरांची सोनोग्राफी."

"सुतकात घराबाहेर?" बहीण म्हणाली.

"मग डॉक्टरला चटईवर बोलवा," नर्सबाई म्हणाल्या.

सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरांनी जांघेवर गार जेली लावली. पडद्यावर दोन काळी वर्तुळं दिसली. डॉक्टरांनी प्रोब हलकेच दाबला. एक वर्तुळ चपटं होऊन नाहीसं झालं, दुसरं गोलच राहून धडधडत होतं.

"मिटलं ते कोणतं?" मी विचारलं. इतक्या दिवसांत मी कुणाला काही विचारलं नव्हतं.

"शीर. तिची भिंत पातळ असते, निरोगी असेल तर दाबल्यावर मिटते. दुसरी धमनी."

दाबत, सोडत ते मांडीवरून खाली आले. प्रत्येक वेळी शीर मिटे आणि मला उगाच बरं वाटे. गुडघ्यामागे मात्र ती मिटली नाही. डॉक्टरांनी पुन्हा दाबलं. आत करडं काहीतरी होतं. त्यांनी यंत्रावर रक्तप्रवाह दाखवणारा रंग चालू केला, तेव्हा कडेने वाहत्या रक्ताची तेवढी एक बारीक निळी रेघ दिसली.

"गुठळी आहे, ताजी दिसतेय. मांडीतली शीर मोकळी आहे."

बहीण कोपऱ्यात उभी होती. "मी चोळलं म्हणून झाली का?"

"नाही. सूज आधीच होती ना? पण आता चोळायचं नाही."

रिपोर्ट फिजिशियनकडे नेला. गुठळी फक्त पोटरीतल्या बारीक शिरेत असती, तर कधी कधी आठवड्याने पुन्हा डॉप्लर करून बघता येतं, असं ते म्हणाले. गुडघ्यामागची शीर मोठी. तिथली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून रक्ताच्या तपासण्या करून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आजच सुरू, निदान तीन महिने. त्या गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत. विरघळवायचं काम शरीर करतं. दम लागला, छातीत दुखलं, तर थेट इस्पितळ.

"आणि बसून राहायचं नाही. चालायचं."

बहिणीने मान खाली घातली. घरी येऊन तिने तेलाची बाटली माळ्यावर ठेवली. लोक आले, तेव्हा चटईवर ती बसली. मी आत जाऊन पुस्तक उघडलं.

थोड्या वेळाने तिने माझ्या चपला दारात आणून ठेवल्या.

"दादा, पुढच्या आमली वस्तीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन या."

"सुतक आहे ना?"

"वहिनी असती तर तुम्हाला हाकललंच असतं. उठा."

मी उठलो.