सात पॉइंटच्या पुढचा आकडा

महानंदाला चौथ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं ते कुणाला सांगितलंच नाही. पोट दिसायला लागलं तेव्हा सासूनं, निंगव्वानं, ओळखलं आणि देवघरातली विभूती आणून तिच्या कपाळाला लावली. आधीच्या तीन बाळंतपणांतलं एकही मूल उरलं नव्हतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण माळ्यावरचा पाळणा विकायचंही कुणी नाव काढत नसे.

नवरा ईश्वरप्पा सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात गादीवर होता. महानंदा घरी शेंगाचटणी कुटून पेठेतल्या घरांत द्यायची. तिच्या हातची चटणी लोक मागून नेत.

सातवा महिना लागला तसा मुंबईहून भाऊ शिवप्पा आला. परळच्या गिरणीत होता तो. त्याच्या साहेबाच्या ओळखीच्या एका मोठ्या दवाखान्यात पोटातलं दिसतं असं नवीन यंत्र आलंय म्हणे. एकोणऐंशी साल होतं, सोलापुरात तसलं काही नव्हतं. शिवप्पा बहिणीला घेऊन गेला. पोटाला गार तेल चोपडलं, वरून एक दांडी फिरवली, डॉक्टरांनी काळ्या पडद्याकडे बघत काहीतरी लिहिलं. "तुमच्या गावच्या डॉक्टरांना दाखवा," एवढं बोलले आणि दुसरी बाई आत आली.

मूळ कागद दवाखान्याच्या फायलीत राहणार होता. शिवप्पानं तिथल्या कारकुनाच्या हातापाया पडून तो घटकाभर मागून घेतला, समोरच्या स्टुडिओत त्याचा फोटो काढवला आणि परत नेऊन दिला. महानंदा घरी परतली, मागून तो फोटो पोस्टानं सोलापुरात आला. पोस्टकार्डाएवढा, चकचकीत, आणि त्यावर मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं.

ईश्वरप्पा मॅट्रिक होता. त्यानं फोटो उलटासुलटा करून बघितला. "अक्षरंच हायत नुसती. शब्द न्हाईतच की यात."

म्हणून महानंदा सासूला घेऊन प्रसूतिगृहात गेली. तिथल्या दाक्षायणी सिस्टरनं तिची दोन बाळंतपणं केली होती. सिस्टरनं फोटो खिडकीपाशी उजेडात धरला आणि खणातून भिंग काढलं.

"हे बघ महानंदा, यात काय लिहिलंय ते मी सांगते. त्याचा अर्थ काय, चांगलं की वाईट, ते डॉक्टरबाई सांगतील. ते माझं काम नाही. चालेल?"

"चालंल," महानंदा म्हणाली.

"हे जी चार. चौथ्यांदा दिवस गेलेत. पी तीन, म्हणजे तीन बाळंतपणं झालीत." सिस्टरनं भिंग पुढच्या अक्षरावर धरलं. "एल म्हणजे हयात मुलं."

पुढे शून्य होतं. महानंदाला इंग्रजी येत नव्हतं, पण शून्य ओळखू येत होतं. तीन नावं तिनं मनात ठेवली होती, बारशापर्यंत न पोचलेली. ती सगळी या एवढ्याशा गोलात मावली होती. 

सिस्टर पुढे सरकली. "एलएमपी, म्हणजे शेवटची पाळी आली तो पहिला दिवस, तीन मार्च. ईडीडी, म्हणजे त्यावरून काढलेली बाळंतपणाची तारीख. नऊ महिने आणि सात दिवस पुढे मोजायचे, दहा डिसेंबर येते. नेमकं त्याच दिवशी होतं असं नाही, अंदाज असतो तो. व्हीएक्स, बाळाचं डोकं खालच्या बाजूला आहे. एफएच आणि पुढे अधिक, म्हणजे बाळाच्या छातीचे ठोके यंत्रात दिसले."

"दिसले?" निंगव्वा पुढे झाली. "मग जगतंय की!"

"त्या दिवशी दिसले, एवढंच लिहिलंय आजी. हे प्लॅक म्हणजे वार. ती पिशवीच्या वरच्या भागात, पाठीकडच्या बाजूला आहे. लिक, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी. पुढे पुरेसं असं लिहिलंय. आणि हे बीपीडी. बाळाच्या डोक्याची रुंदी, या कानाच्या वरून त्या कानाच्या वरपर्यंत. सेंटिमीटरमध्ये. सात पॉइंट..."

भिंग पुढेमागे झालं. शाई पसरली होती की स्टुडिओवाल्याचा हात हलला होता, कोण जाणे. पुढचा आकडा दोन होता किंवा आठ. त्याच्या पलीकडे किती आठवडे ते लिहिलं असणार, पण तिथंच फोटोची कड कापली गेली होती.

"आठ हाय तो," निंगव्वा म्हणाली. तिला अक्षरओळख नव्हती.

"मला नक्की दिसत नाही. अंदाजानं आकडा सांगणार नाही मी."

"पण दोन असला तर काय? आठ असला तर काय?" महानंदानं विचारलं. हा तिचा पहिलाच प्रश्न.

सिस्टरनं फोटो खाली ठेवला. "ते मला विचारू नकोस गं. भावाला कार्ड टाक, मूळ कागद बघून कळव म्हणावं. आणि आज बाईंना भेटूनच जा."

डॉक्टरबाईंनी पोट तपासलं, नळी लावून ठोके ऐकले. म्हणाल्या, नुसत्या फोटोवरून मी काही सांगणार नाही, दर आठवड्याला या. महानंदा जात राहिली. घरी मात्र तो आकडा माणसासारखा राहायला आला. ईश्वरप्पा फोटो दिव्याच्या उजेडाला धरायचा आणि दोन म्हणायचा. निंगव्वा आठ म्हणायची आणि रागानं जेवण सोडून उठायची. महानंदा चटणी कुटता कुटता बोटं फाकवून अंतर धरायची. एवढं डोकं असेल, की एवढं? दोन्हीत फरक तो केवढा, नखाएवढा.

शिवप्पाचं कार्ड दिवाळीनंतर आलं. मूळ कागदावर आठ होता.

सिस्टरनं ते वाचून दाखवलं. "सात पॉइंट आठ सेंटिमीटर." आणि लगेच म्हणाली, "आजी, हे फक्त माप आहे हं."

निंगव्वानं ऐकलंच नाही. मोठा आकडा म्हणजे धडधाकट बाळ, एवढंच तिला कळलं. तिनं पेढे वाटले. माळ्यावरून पाळणा खाली काढून धुतला. महानंदाला कळत होतं की सिस्टर दुसरं काही बोललेली नाही, तरी त्या दिवशी तिलाही झोप लागली, बऱ्याच दिवसांनी.

नोव्हेंबर संपता संपता कळा सुरू झाल्या. मुलगा झाला. रडला, पण मांजरासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. डॉक्टरबाई खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, "का झालं, मला सांगता येत नाही." त्या खरं तेच बोलत होत्या.

व्हरांड्यात निंगव्वानं सिस्टरला गाठलं. "आठ म्हनलीस की गं! तुज्या तोंडानं आठ म्हनलीस!"

सिस्टर मान खाली घालून उभी राहिली. मी इशारा दिला होता, असं ती म्हणू शकली असती.  आत महानंदाला सगळं ऐकू येत होतं. सासूला हाक मारून सांगावंसं तिला वाटलं, अव्वा, तिचा काय दोष, तिनं लिहिलेलं तेवढंच वाचलं. पण ती भिंतीकडे वळली. छातीला दूध दाटलं होतं, त्यावर फडकं आवळून बांधलेलं होतं.

ईश्वरप्पानं आणि दोघा शेजाऱ्यांनी मुलाला मातीत ठेवलं. निंगव्वा महिनाभर सुनेशी बोलली नाही, सिस्टरशी कधीच नाही. शिवप्पानं कळवलं, पुढच्या खेपेला आधीपासूनच मुंबईला ये. त्या कार्डाला उत्तर गेलं नाही.

संक्रांतीच्या आधी पेठेतून चटणीची मागणी आली. महानंदानं शेंगदाणे भाजले, लसूण सोलला आणि उखळापाशी बसली. बऱ्याच वेळानं निंगव्वा आली, तिखटाचा डबा तिच्याजवळ सरकवला आणि परत गेली.