कलम सहा

९ एप्रिल, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. गाडीच्या पडद्यावर अठरा टक्के, म्हणजे रात्री लावली तेव्हा होते तेवढेच. चार्जरवर हिरव्या दिव्याच्या जागी लाल दिवा तीनदा लुकलुकत होता, थांबत होता आणि पुन्हा तीनदा लुकलुकत होता. माहितीपुस्तिकेत या खुणेचा अर्थ एका ओळीत दिलेला होता: अर्थिंगमध्ये दोष. चार्जर आपली जमिनीशी असलेली जोडणी आधी तपासतो आणि ती कमजोर आढळली तर गाडीला वीज सोडतच नाही. दोष कोणाचा, हे पुस्तिकेत नव्हते. माझ्या मनात मात्र त्याविषयी शंका नव्हती.

आमचा जोडबंगला नगरच्या पुणे रस्त्याकडच्या एका वसाहतीत आहे. मधली भिंत सामायिक. अलीकडे आई आणि मी, पलीकडे शेजारचे काका-काकू. काका मूळचे कर्जतकडचे, तिथे त्यांची बागायत आणि खतांचे दुकान. आठवड्यातून तीनदा जाऊन-येऊन असतात. मी सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे. माझ्या पाठोपाठ दोन महिन्यांत त्यांनीही विजेची गाडी घेतली, पण घरचा चार्जर एकच, माझ्या मीटरवरचा. आमच्या बाजूला तीन फुटांवर कातळ लागल्याने अर्थिंगचा खड्डा खणता येईना. काकांनी आपल्या अंगणाची एक कडा दिली आणि बदल्यात चार्जर वापरण्याची मुभा घेतली. तार भिंतीवरून इकडे आली. व्यवहार सरळ होता. तो लेखी असावा, हा आग्रह माझा.

२ मार्चला मी त्यांना टिपण दिले. आई म्हणाली होती, "शेजाऱ्याला कागद देतात का गं? तोंडाला काय झालंय तुझ्या?" तोंडाने तीन वेळा सांगून झाले होते. टिपणात सात कलमे होती. चार्जरपुरता वापर मोजायला मी घरच्या मीटरखाली वेगळा उपमीटर बसवला होता. पैसे त्या उपमीटरवरच्या आकड्याप्रमाणे द्यायचे. घरचा वापर वाढला की युनिटचा दर चढत्या टप्प्याचा होतो आणि तो टप्पा त्यांच्या गाडीमुळे गाठला जातो, म्हणून त्यांच्या युनिटांना वरचा दर. सोमवार, बुधवार, शुक्रवार रात्री माझी गाडी. मंगळवार, गुरुवार, शनिवार त्यांची. रविवारी दिवसा ज्याला गरज असेल त्याने आदल्या दिवशी सांगावे. भरून झाल्यावर गाडी हलवावी, केबल गुंडाळून अडकवावी, दुसऱ्याची गाडी लावलेली असताना प्लग काढू नये. सहावे कलम असे होते: "चार्जरखाली व भिंतीलगतच्या कोपऱ्यात सांडपाणी ओतू नये. वीज आणि पाणी यांचा संपर्क जिवावर बेतू शकतो." काकू रोज सकाळी तांदळाचे धुवण आणि भांड्यांचे पाणी बादलीने नेमके त्याच कोपऱ्यात रिकामे करत. भिंतीच्या या बाजूने मला फक्त बादली वर होताना दिसे आणि पाण्याचा आवाज येई.

काकांनी टिपण वाचले, शहरातून लॅमिनेट करून आणले आणि चार्जरच्या वर दोन खिळ्यांनी ठोकले.

"नोटीस हाय म्हटल्यावर लोकांना दिसली पायजे," ते म्हणाले.

महिनाअखेर हिशेबाच्या वेळी त्यांनी पहिली ठिणगी टाकली. "मॅडम, गाडीचा पडदा म्हणतो एका रातीत अठरा युनिट भरले. तुमचा मीटर म्हणतो वीस. मधले दोन युनिट कुनी खाल्ले?"

मी सांगितले की भिंतीतून येणारी वीज बॅटरीत साठवण्याजोगी करताना काही भाग उष्णता होऊन जातो. माझ्या गाडीचाही जातो.

"म्हंजे उष्णतेचंबी बिल आमीच भरायचं."

"तुमच्या गाडीच्या उष्णतेचं."

त्यांनी अठरा युनिटांच्याच हिशेबाने पैसे दिले. मी फरकाची चिठ्ठी लिहून ती त्यांच्या वर्तमानपत्रात सरकवली. मी हे आज अभिमानाने सांगत नाही. पण घडले ते असे.

त्यामुळे ९ एप्रिलला लाल दिवा दिसताच माझा निष्कर्ष तयार होता: तार काकांनी कापली, किंवा खड्ड्यातून सोडवली. त्या दिवशी मी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलाच्या आवारातल्या चार्जरवर रांगेत उभी राहिले आणि कारखान्यात सात वाजून पस्तीस मिनिटांनी पोहोचले. पहिल्या पाळीचा नमुना तपासून सातला सही झाल्याशिवाय उत्पादन सुरू होत नाही. पहिल्या पाळीच्या प्रयोगशाळाप्रमुखाचे पद महिनाअखेर भरले जाणार होते आणि माझे नाव पुढे होते. दोन दिवसांनी मी पुन्हा उशिरा पोहोचले. व्यवस्थापक शांतपणे म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं तर मला काही बोलावं लागणार नाही. यादीच बोलेल."

त्याच संध्याकाळी काका फाटकाशी उभे होते. माझ्याआधी तेच बोलले.

"चालू करा चार्जर."

"मी बंद केलेला नाही."

"मोबाईलवरनं बंद करता येतोय तुमाला. माझ्या पोरानं सांगितलं. दोन युनिटांसाठी शेजाऱ्याची गाडी उभी केली. लई मोठ्या मनाच्या हाव तुमी."

"माझी गाडी दोनदा रिकामी राहिली, काका. दोष अर्थिंगचा आहे आणि खड्डा तुमच्या अंगणात आहे. मला तो पाहू द्या."

"खड्डा माझ्या जागेत हाय. लेखी अर्ज द्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला वायरमन आणला. त्याने चार्जर उघडायच्या आधीच उपाय सांगितला: चार्जरच्या आत न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, आणि अर्थ दोन इंचाच्या तारेने जोडायचे, लाल दिवा गेलाच म्हणून समजा. दिवा खरोखरच गेला असता. पण कधी खांबाकडचा न्यूट्रल तुटला असता तर गाडीचा सगळा पत्रा विजेखाली आला असता आणि दाराला हात लावणारा माणूस त्याच दाराला चिकटला असता. मी चार्जरसमोर उभी राहिले आणि स्क्रूड्रायव्हर लागू दिला नाही.

"हिला फक्त कागद कळतो," काका वायरमनला म्हणाले, मला ऐकू जाईल अशा आवाजात.

रविवारी मी कारखान्यातले विद्युतविभागाचे मिस्त्री बोलावले. ते वर्षातून दोनदा कारखान्यातल्या सगळ्या खड्ड्यांची मोजणी करतात. त्यांनी शेजारच्या मोकळ्या प्लॉटमध्ये दोन लोखंडी खुंट्या ठोकल्या, चार्जरकडची हिरवी तार सोडवून यंत्राला लावली. मी मोबाईलवर चित्रण सुरू ठेवले होते. पुरावा हवा होता. काका पलीकडच्या पायरीवर हाताची घडी घालून बसले होते, काकू लसूण सोलत होत्या.

यंत्राने जमिनीच्या जोडणीचा रोध दाखवला सेहेचाळीस ओहम. बसवणाऱ्याने डिसेंबरात दिलेल्या कागदावर आकडा होता दोन पूर्णांक आठ. पाचच्या आत असावा अशी अट होती.

"तार कापलेली आहे," मी म्हणाले.

"कापली असती तर यंत्रानं काहीच दाखवलं नसतं, मॅडम. तार शाबूत आहे. माती वाळली आहे." मिस्त्रींनी भिंतीवरून पलीकडे पाहिले. चार्जरच्या बरोबर खाली, भिंतीच्या त्या अंगाला, कुंड्यांच्या मागे लोखंडी झाकण होते. भोवतालच्या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. "मीठ-कोळशाचा खड्डा आहे. आपल्याकडच्या उन्हात याला रोज पाणी लागतं. पाणी कोण घालतं?"

मी चित्रण बंद करायला विसरले. ते अजून माझ्याकडे आहे.

मग काकूंनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली. "मी घालायची. बसवायला आला हुता त्या मान्सानं सांगितलं, वहिनी, रोज बादलीभर पानी टाकत चला. हिची आई हुती तिथं. ही कामावर गेल्ती."

"मग बंद का केलंत?"

"तूच लिहिलंस की. ह्यांनी वाचून दाखवलं मला, मोठ्यानं. सहा नंबर. पानी वतायचं न्हाई, जिवावर बेतंल." त्यांनी दुसरी पाकळी उचलली. "म्हनलं, शिकलेली हाय. तिला जास्त कळत असंल."

आईने मान खाली घातली. तिला तो निरोप माझ्यापर्यंत पोहोचवायचा राहिला होता. पण आई निमित्त होती. कोपऱ्यात पाणी का पडते, हा प्रश्न विचारायला मला भिंतीवरून एकदा डोकावणे पुरेसे होते. मी त्याऐवजी कलम लिहिले. प्रयोगशाळेत कोणी कारण न तपासता निष्कर्ष नोंदवला असता तर मी ती वही परत केली असती.

काका हसले नाहीत. हसले असते तर बरे वाटले असते. ते उठून भिंतीशी आले आणि वरून हात घालून लॅमिनेट केलेल्या कागदावर बोटाने टकटक केली. "खोडा सहा नंबर."

मी पेन काढले. प्लॅस्टिकवर शाई धरेना.

"ऱ्हाऊ द्या. नवीन लिहून आना. आनि आता आमचीबी कलमं घाला त्यात."

काकूंनी ती तिथेच, नजर ताटलीवर ठेवून सांगितली. पाणी आता त्या घालणार नाहीत. ज्याचा चार्जर त्याने घालायचे. यायचे ते फाटकातून, भिंतीवरून नळी टाकून नाही. सकाळी साडेपाचला, पूजेच्या आधी. चपला बाहेर. कुंड्या सरकवायच्या त्या परत जागेवर ठेवायच्या. "आनि बादली तुझी आन. माझी खरकट्याची हाय."

"दोन युनिटांचं काय?" मी विचारले. विचारायला नको होते.

"त्ये तुमच्या उष्णतेत धरा," काका म्हणाले आणि आत गेले.

मी नवे टिपण टंकलिखित केले. सहावे कलम आता माझ्यावर आहे. वीस युनिटांचे पैसे ते आजही अठराच्या हिशेबाने देतात आणि मी आजही फरकाची चिठ्ठी सरकवते. मिस्त्रींनी यंत्र आठवडाभर माझ्याकडे राहू दिले. सोमवारी दोन बादल्या आणि मूठभर मीठ घातल्यावर एकतीस, मंगळवारी सतरा, बुधवारी नऊ. चार्जर लालच राहिला. ते तीन दिवस मी पहाटेच्या कंपनी बसने गेले, जिची मी दोन वर्षे चेष्टा केली होती, आणि तिन्ही दिवस सातच्या आत सही केली. गुरुवारी आकडा पाचच्या खाली गेला आणि दिवा हिरवा झाला. गुरुवार त्यांचा होता. पहिली गाडी काकांची भरली.

महिनाअखेर बढतीची यादी लागली तेव्हा माझे नाव तिच्यात होते. काकूंनी पेढा घेतला, कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "कुंडी तिरकी ठेवलीस काल."

मोजणीच्या शेवटच्या सकाळीही मी साडेपाचला चपला काढून त्यांच्या अंगणात शिरले होते. काकू खिडकीतून बघत होत्या. मी खड्डा भरला, झाकण लावले, कुंड्या सरळ ठेवल्या, खुंट्या ठोकून मोजणी घेतली. दोन पूर्णांक आठ हा आकडा त्यांनी खरकट्या पाण्याने मार्चपर्यंत राखला होता. माझ्या वहीतली त्या सकाळची, शेवटची नोंद: ३.४ ओहम.