उजवी बाजू

श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात गाडीचे सुटे भाग दाबून बघणाऱ्या यंत्राचा प्रोग्राम आमच्याकडे होता. सहा सेन्सरांवरून सहा जोर काढायचे, म्हणजे समीकरणं कायम सहा. प्रोग्राम लिहिला कंत्राटावरच्या एका सांगलीच्या मुलीने. तपासून सही केली मी.

समीकरणं सोडवायची रीत गॉसची. दर पायरीला स्तंभातल्या उरलेल्या आकड्यांपैकी चिन्ह सोडून सर्वांत मोठा शोधायचा, त्याची ओळ वर आणायची, मग खालचे आकडे शून्य करायचे. तिने ओळींची अदलाबदल केली, पण समीकरणांच्या उजव्या बाजूचे आकडे जागेवरच राहिले. माझ्या चाचणीच्या सगळ्या उदाहरणांत मोठा आकडा दर पायरीला आधीच वर होता, त्यामुळे अदलाबदलीची वेळच आली नाही.

पुढे सेन्सरांची जागा बदलली, अदलाबदल करावी लागली आणि उत्तरं चुकली. यंत्राला जोर कमी वाटला, त्याने आणखी दाबलं आणि त्याचा खांब वाकला.

बैठकीत साहेबांनी ‘मूळ कारण’ अशा मथळ्याची रंगीत स्लाइड लावली आणि विचारलं, “कोणी लिहिलं?”

“मी, सर,” ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. “दादा, तुम्ही तपासलं होतं ना?”

“तपासलं होतं. तेव्हा उत्तरं बरोबर आली होती.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. सोमवारपासून कंपनीच्या बसमध्ये ती नव्हती.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. मग अदलाबदल करावीच लागेल असं एक उदाहरण मी तयार केलं. त्याला दहा मिनिटं लागली.