जावयाला मागणीपत्र

पारोळ्याजवळच्या आमच्या गावात सहकारी सोसायटी निघाली. चेअरमन झाले आबा, गावातले वजनदार शेतकरी, आणि चिटणीस मी, कारण सातवी पास दुसरं कोणी हाताशी नव्हतं. पहिलंच काम आलं ते पेरणीसाठी सुधारलेली सरकी मागवण्याचं. जळगावच्या सहकारी संघाला चेअरमनच्या सहीचं पत्र हवं होतं. आणि त्या संघाचे व्यवस्थापक होते आबांचे सख्खे जावई!

'रा. रा. व्यवस्थापक साहेब यांसी, सा. न. वि. वि.' हा मायना आबांना फार आवडला. शेवटी 'आपला आज्ञाधारक' लिहू का, असं मी जरा भीतभीतच विचारलं.

"लिख ना. लगीनमा त्याना पाय धोयात, आते आज्ञाधारकनं काय?"

गाडं अडलं ते मधल्या मजकुरावर. 'मागणी' हा शब्द ऐकताच आबांनी माझ्या हातातला टाक काढून घेतला.

"बेटीना घरनं पानी बी मी पेस नही, आनि सरकी मांगू?"

पैसे आपण रोख भरणार, संघ काही जावयाच्या घरचा नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी पत्र गेलं ते असं: वर सन्मान, खाली नम्रता आणि मध्ये एवढंच, 'सरकीविषयी आपण जाणताच.'

उत्तर आलं. जावयांनी सासऱ्यांना 'रा. रा. चेअरमन साहेब' म्हटलं होतं. तेवढं आबांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. पुढचा मजकूर मात्र कोरडा ठणठणीत होता: किती पोती हवीत ते कळवलेले नाही, महिनाअखेरपर्यंत मागणी न आल्यास सरकी देता येणार नाही. कळावे. आपला विश्वासू.

सगळ्या गावाची पेरणी त्या पत्रावर अडली होती. ओसरीवर माणसं गोळा झाली. आबांनी टाक माझ्यापुढे सरकवला.

"लिख," ते म्हणाले. "गावकरता मांगस, आसं लिख."

मी एका दमात लिहून टाकलं. कोणाला किती पोती, ती यादीही जोडली. आबांनी ती वाचायला लावली आणि स्वतःच्या नावापाशी मला थांबवलं.

"हाई नाव काढ."

मी चिडलो. सर्वांत मोठं शेत यांचं, आणि यांनाच सरकी नको! पण आबा सही करेनात. नाव खोडलं तेव्हा कुठे त्यांनी सही केली.

सरकी वेळेवर आली. गावभर कपाशी डवरली. आबांनी घरची जुनी सरकी पेरली होती, तिची झाडं विरळ आणि खुरटी. दिवाळीला जावई आले आणि शेत बघून थबकले.

"मामा, तुमचंच शेत असं का?"

आबांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "हाऊ चिटणीस मन्हं नावच लिखाले इसरना."

जावयांनी मला यथेच्छ फैलावर घेतलं. माझ्या ओठांवर खरं आलं होतं. पण आबांचा चेहरा पाहिला आणि त्या हट्टी माणसाविषयी अशी माया दाटून आली, की म्हटलं, "हो साहेब, विसरलोच."